पाडव्याआधी की पाडव्यानंतर? संवत्सराचं नाव स्वतः काढायची रीत

फेब्रुवारी २०२६ मध्ये आमच्या मामाची साठी होती. गिरगावातल्या जुन्या घरी होम, दुपारी जेवण आणि त्याआधी छापलेली पत्रिका. मामीचा आग्रह होता की पत्रिका जुन्या वळणाची हवी, 'स्वस्ति श्री शालिवाहन शके' वगैरे सगळं हवं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. २०२६ सालाला कोणतं संवत्सर, हे मी फोनवर शोधलं, 'पराभव' मिळालं आणि 'शके १९४८ पराभवनाम संवत्सरे माघ मासे' असं लिहून मोकळा झालो. दीडशे प्रती छापून आल्या. गुरुजींनी पत्रिका हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अहो, पाडवा अजून महिनाभर लांब आहे. पराभव आत्ताच कशाला आणताय?"

त्या दिवशी शके १९४७ चालू होतं आणि संवत्सर होतं विश्वावसु. मी एका वर्षाने चुकलो होतो. ही चूक इतकी नेहमीची आहे की संवत्सराचं नाव काढायला शिकताना तिथूनच सुरुवात केलेली बरी.

आपल्याकडे संवत्सर बदलतं ते चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला. १ जानेवारीशी त्याचा काही संबंध नाही. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र जानेवारीत नवं लागतं, त्यामुळे आपल्या डोक्यात वर्षही तेव्हाच बदलतं. खरं तर जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग हे मागच्या शकाचं शेपूट असतं. संक्रांत, महाशिवरात्र, होळी हे सगळे सण जुन्या संवत्सरातच होतात.

म्हणून पहिली पायरी हिशेबाची नाही, तारखेची आहे. तुमची तारीख त्या वर्षीच्या पाडव्याच्या आधीची आहे की नंतरची, एवढं आधी ठरवा. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला आणि २०२७ मध्ये तो ७ एप्रिलला येतो. पाडवा असा मागेपुढे का होतो? चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून तो दरवर्षी अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे ढकलला जातो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे शके १९४८ तेरा महिन्यांचं झालं. संवत्सराचं नाव मात्र तेराही महिने तेच. अधिक मासाने नाव बदलत नाही.

दुसरी पायरी शक काढण्याची. तारीख पाडव्याची किंवा नंतरची असेल तर इसवी सनातून ७८ वजा करा. पाडव्याआधीची असेल तर ७९ वजा करा. मामाच्या साठीची तारीख फेब्रुवारीतली, म्हणून २०२६ वजा ७९, शके १९४७. तोच कार्यक्रम एप्रिलमध्ये असता तर २०२६ वजा ७८, शके १९४८.

तिसरी पायरी: शकात १२ मिळवा, ६० ने भागा आणि बाकी पाहा. संवत्सरांची नावं साठ आहेत, यादी पुढे दिली आहे, आणि ती बाकी म्हणजे त्या यादीतला क्रमांक. बाकी शून्य उरली तर साठावं नाव घ्यायचं, क्षय. १९४७ अधिक १२ म्हणजे १९५९. साठाच्या पाढ्यात त्याच्या आतला मोठा आकडा १९२०. उरले ३९. एकोणचाळिसावं नाव विश्वावसु. गुरुजी बरोबर होते.

भागाकार फोनच्या कॅल्क्युलेटरवर करणार असाल तर एक सांगतो, कारण माझ्या भाच्याने हे केलेलं मी पाहिलं आहे. शके १९४८ साठी त्याने १९६० ला ६० ने भागलं, पडद्यावर 32.666 आलं आणि तो म्हणाला, "बाकी ६६, पण नावं तर साठच आहेत!" दशांश चिन्हापुढचे आकडे म्हणजे बाकी नव्हे. चिन्हाआधीचे ३२ घ्या, त्यांना ६० ने गुणा, १९२० आले. १९६० मधून १९२० गेले, बाकी ४०. चाळिसावं नाव पराभव.

आता यादी. ती वीस-वीसच्या तीन भागांत लावायची जुनी पद्धत आहे. पहिली ब्रह्मविंशती, दुसरी विष्णुविंशती, तिसरी रुद्रविंशती.

१ ते १०: प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद, प्रजापती, अंगिरा, श्रीमुख, भाव, युवा, धाता.
११ ते २०: ईश्वर, बहुधान्य, प्रमाथी, विक्रम, वृष, चित्रभानु, सुभानु, तारण, पार्थिव, व्यय.
२१ ते ३०: सर्वजित, सर्वधारी, विरोधी, विकृती, खर, नंदन, विजय, जय, मन्मथ, दुर्मुख.
३१ ते ४०: हेमलंबी, विलंबी, विकारी, शार्वरी, प्लव, शुभकृत, शोभन, क्रोधी, विश्वावसु, पराभव.
४१ ते ५०: प्लवंग, कीलक, सौम्य, साधारण, विरोधकृत, परिधावी, प्रमादी, आनंद, राक्षस, नल.
५१ ते ६०: पिंगल, कालयुक्त, सिद्धार्थी, रौद्र, दुर्मती, दुंदुभी, रुधिरोद्गारी, रक्ताक्षी, क्रोधन, क्षय.

काही नावं दोन रूपांत भेटतात. हेमलंबीला हेविलंबी, शोभनला शोभकृत, नलाला अनल आणि क्षयाला अक्षय असंही लिहिलेलं दिसतं. नाव तेच, क्रमांकही तोच. खरा घोटाळा होतो सारख्या वाटणाऱ्या जोड्यांमध्ये. प्रमाथी तेरावं आणि प्रमादी सत्तेचाळिसावं. क्रोधी अडतिसावं, क्रोधन एकोणसाठावं. प्लव पस्तिसावं, प्लवंग एकेचाळिसावं. विरोधी आणि विरोधकृतचंही तसंच. घरातली जुनी कुंडली किंवा वहीतलं पुसट मोडी वाचत असाल तर अक्षरावर भिस्त ठेवू नका. क्रमांक काढून पाहा म्हणजे कोणतं नाव असायला हवं ते कळेल.

सध्याच्या आवर्तनापुरता एक आडमार्ग आहे आणि मी आता तोच वापरतो. चालू आवर्तनातलं पहिलं संवत्सर, प्रभव, १९८७ च्या पाडव्याला लागलं. म्हणून पाडव्यानंतरच्या तारखेसाठी इसवी सनातून १९८६ वजा केले की थेट क्रमांक मिळतो. पाडव्याआधीच्या तारखेसाठी १९८७ वजा करा. २०२६ वजा १९८६ बरोबर ४०. बारा मिळवा, साठाने भागा, काही नको. हे २०४७ च्या पाडव्यापर्यंत चालेल, तिथे क्षय संपून पुन्हा प्रभव येईल. १९८७ आधीच्या वर्षांसाठी उत्तर शून्य किंवा उणे येतं, मग ते १ ते ६० च्या आत येईपर्यंत त्यात ६० मिळवत जायचे. स्वातंत्र्याचा ऑगस्ट १९४७ घ्या. १९४७ वजा १९८६ म्हणजे उणे ३९, त्यात ६० मिळवले की २१. सर्वजित.

मामाचा जन्मही याच रीतीने काढून पाहिला. फेब्रुवारी १९६६, पाडव्याआधीचा, म्हणून १९६६ वजा १९८७. उणे २१, अधिक ६०, ३९. विश्वावसु. म्हणजे ज्या संवत्सरात जन्म झाला त्याच नावाच्या संवत्सरात साठी आली. आवर्तनच साठ वर्षांचं, तेव्हा असंच व्हायला हवं. माझ्या पत्रिकेवर पराभव छापलं गेलं तेव्हा हा मेळ मीच मोडला होता. जन्मसंवत्सर आणि साठीचं संवत्सर वेगळं निघालं तर दोनपैकी एक हिशेब चुकला आहे असं समजा. मात्र एक अपवाद आहे. जन्म पाडव्याच्या आसपासचा, म्हणजे साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा असेल, तर त्या वर्षी पाडवा कोणत्या तारखेला होता हे पाहिल्याशिवाय काही म्हणता येत नाही. तिथे त्या सालचं पंचांगच उघडावं लागतं.

रीत बरोबर आहे का हे पडताळायला शिवचरित्रासारखी जागा नाही. शिवजन्माची नोंद जेधे शकावलीत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. १५५१ अधिक १२, १५६३. त्यातून १५६० गेले, बाकी ३. तिसरं नाव शुक्ल. जुळलं. आता हेच इसवी सनाकडून करू. जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३०. कोणी घाईत ७८ वजा केले तर शके १५५२ येईल आणि संवत्सर येईल प्रमोद. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना आहे हे लक्षात असलं तर ७९ वजा होतील आणि १५५१ मिळेल. राज्याभिषेकाला हा प्रश्न येत नाही, तो ज्येष्ठात झाला. ६ जून १६७४, वजा ७८, शके १५९६. अधिक १२, १६०८, बाकी ४८. आनंदनाम संवत्सर.

यातून जुन्या कागदांसाठी संवत्सराचा खरा उपयोग दिसतो. नकलाकाराच्या हातून आकडा चुकतो, कागद फाटतो, ५ चा ६ होतो, पण शेजारचं संवत्सराचं नाव त्या आकड्यावर पहारा देत असतं. शक आणि संवत्सर जुळत नसतील तर दोनपैकी काहीतरी चुकीचं वाचलं गेलं आहे.

शकाबद्दलच आणखी एक फट आहे. सरकारी दैनंदिनीवर किंवा आकाशवाणीच्या निवेदनात येतो तो राष्ट्रीय शक. तो १९५७ पासून लागू आहे आणि त्याचं वर्ष २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला सुरू होतं. आकडा आपल्या शालिवाहन शकाशी बहुतेक दिवस जुळतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण पाडव्याच्या आगेमागे तो फसवतो. २५ मार्च २०२५ ला राष्ट्रीय शक १९४७ होता, पाडवा मात्र पाच दिवसांनी यायचा होता. त्या दिवशी पंचांगाप्रमाणे शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर. संवत्सरासाठी पाडव्याचा शक घ्यायचा, सरकारी नव्हे.

आता मुंबईतला खास गोंधळ. मामाच्या साठीला सगळा मजला जेवायला होता. समोरच्या खोलीतले गुजराती काका पत्रिका वाचून म्हणाले, "आमच्या पंचांगात तर पिंगल आहे." वरच्या मजल्यावरचे मूळचे बनारसचे पंडितजी म्हणाले, विश्वावसुही नाही, पराभवही नाही, आमचं सिद्धार्थी. त्यांच्या मुलाने फोनवर दुसऱ्या एका हिंदी पंचांगात पाहिलं तर तिथे कालयुक्त. माटुंग्याहून आलेल्या तामिळ मावशी तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, "विश्वावसु." एका चाळीत एका दुपारी चार नावं, आणि कोणीही खोटं बोलत नव्हतं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ही नावं मुळात गुरू ग्रहाची. मध्यम गतीने गुरू एक रास ओलांडतो तो काळ म्हणजे एक संवत्सर. बारा राशींच्या पाच फेऱ्या झाल्या की साठ. पण गुरूला एक रास ओलांडायला साधारण ३६१ दिवस लागतात, आपल्या वर्षापेक्षा चार-सव्वाचार दिवस कमी. हा फरक साचत साचत ८५ वर्षांत एका संपूर्ण संवत्सराएवढा होतो. उत्तरेकडची पद्धत गुरूला धरून राहिली, म्हणून तिथे ८५ वर्षांतून एकदा एक नाव गाळलं जातं. त्याला क्षयसंवत्सर म्हणतात. (साठावं नाव 'क्षय' आणि हे 'क्षयसंवत्सर' यांची गल्लत करू नका.) नर्मदेच्या दक्षिणेला दहाव्या शतकाच्या सुमारास हे गाळणं बंद झालं. वर्षाला एक नाव, ओळीने, गुरू कुठेही असो. तेव्हापासून उत्तरेची यादी आपल्यापुढे सरकत गेली आणि आज ती तेरा-चौदा नावं पुढे आहे. आपलं एकोणचाळिसावं चालू असताना पंडितजींचं बावन्नावं की त्रेपन्नावं यावर वाद होता, कारण गुरूच्या हिशेबाचं संवत्सर पाडव्याला बदलत नाही, वर्षाच्या मधेच कुठेतरी बदलतं. मग वर्षाला सुरुवातीचं नाव द्यायचं की पुढे येणारं, यावर पंचांगकर्त्यांचं एकमत होत नाही.

गुजराती काकांचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला बदलतं. त्यांचं विक्रम संवत २०८२ हे २२ ऑक्टोबर २०२५ ला लागलं आणि त्याचं नाव पिंगल. तामिळ मावशींची नावांची ओळ आपलीच, फक्त त्यांचं वर्ष सौर आहे आणि १४ एप्रिलच्या आसपास सुरू होतं. म्हणून २०२६ च्या पाडव्यानंतर साधारण साडेतीन आठवडे आपण पराभव म्हणत होतो आणि मावशी अजून विश्वावसुच. कानडी आणि तेलुगू शेजाऱ्यांशी मात्र आपलं पूर्ण जुळतं, त्यांची उगादी म्हणजे आपला पाडवा.

तेव्हा इंटरनेटवर शोधताना नावापेक्षा आधी पाहा की ते विक्रम संवताबरोबर दिलं आहे की शालिवाहन शकाबरोबर. 'संवत २०८२' दिसलं की ते नाव आपल्या संकल्पासाठी नाही. दादर, गिरगावातल्या दुकानांत मिळणाऱ्या कोणत्याही मराठी पंचांगावर शालिवाहन शक आणि संवत्सर ठळक छापलेलं असतं, तुमचं उत्तर त्याच्याशी ताडून पाहता येईल.

संकल्पात हे नाव कुठे येतं तेही ऐकून ठेवा. गणपतीच्या पूजेला गुरुजी भरभर म्हणतात त्यात 'दण्डकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे' असं स्थळ येतं आणि त्याला लागूनच 'शालिवाहन शके' आणि 'अमुकनाम संवत्सरे'. (मुंबई गोदावरीपासून लांब असली तरी आहे दक्षिणेलाच.) त्यानंतर अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. मोठ्याकडून लहानाकडे जाणारा हा पत्ताच आहे आणि संवत्सर हा त्यातला वर्षाचा रकाना. स्वतः पूजा सांगणारे बरेच जण इथे पुस्तकात छापलेलं जुनं नाव वाचून जातात. पुस्तक छापलं त्या वर्षाचं. तिथे पेन्सिलीने नवं नाव लिहून ठेवा.

नावाच्या अर्थावरून वर्षाचं भविष्य सांगणारे संदेश पाडव्याला फिरतात. पराभव आलं म्हणून एका मावसभावाने दुकानाचं उद्घाटन पुढे ढकलायचं काढलं होतं. त्याला मी शार्वरीचं उदाहरण दिलं. शार्वरी म्हणजे रात्र. २०२० चा पाडवा टाळेबंदीत गेला तेव्हा शार्वरी लागलं होतं आणि लोक म्हणाले, बघा, नावच तसं. त्याच्या साठ वर्षं आधीच्या शार्वरीत, १ मे १९६० ला, महाराष्ट्र राज्य स्थापन झालं. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग पराभवनंतर काय आहे?" मी म्हटलं, प्लवंग, ७ एप्रिल २०२७ पासून. प्लवंग म्हणजे माकड. तो म्हणाला, मग याच वर्षी उघडतो.

मामाच्या पत्रिकांवर शेवटी मामीने आणि मी बसून दीडशे चिकटपट्ट्या लावल्या. वर 'शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे' असं हाताने लिहिलं. उजेडात धरलं तर खालचा पराभव अजून दिसतो.